मुलींना पोटभर खाऊ घातलं की उंचीतला फरक मिटेल?

रानजाई: बायका पुरुषांपेक्षा बुटक्या का, तर पिढ्यानपिढ्या पोरींच्या ताटात शेवटचं आणि उरलेलं पडलं म्हणून. दोन पिढ्या मुलींना मुलांइतकं दूध-अंडी द्या, फरक शिल्लक राहणार नाही. हार्मोन्सची कारणं कुणी सांगू नका.

मोजपट्टी: सांगणारच. मुलांच्या ओपीडीत रोज उंच्या मोजतो, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. उपासमारीने उंची खुंटते, हे शंभर टक्के खरं. पण नेदरलँड्समध्ये कुठली मुलगी उपाशी झोपते? तिथे २००१ साली जन्मलेले पुरुष सरासरी १८३ सेंमी आणि बायका १६९. आपल्याकडे दोघंही त्यांच्याहून पुष्कळ बुटके, आणि फरक तरी बारा-तेरा सेंमीचाच. खाणं सुधारलं की दोघंही वर सरकतात, मधली फट काही बुजत नाही.

ही फट पडते कधी ते बघा. नऊ-दहा वर्षांपर्यंत दोघं जवळपास सारखेच असतात. खात्यापित्या घरातली एक सरासरी मुलगी धरा, दहाव्या वर्षी १३७ सेंमी, तिथे तिचा झपाटा सुरू होतो आणि पुढे तेवीसेक सेंमी वाढून ती १६० ला थांबते. मुलगा दहाव्या वर्षी तेवढाच, पण त्याचा झपाटा बाराव्या वर्षी. मधली दोन वर्षं तो लहानपणच्याच वेगाने, वर्षाला पाचेक सेंमी, वाढत राहतो, म्हणजे झपाटा सुरू होताना तो १४७ वर असतो. मग त्याचा झपाटाही जरा जोरकस, सव्वीसेक सेंमीचा. झाले १७३. तेरातले दहा सेंमी नुसते उशिरा सुरू झाल्याचे आहेत.

आखाडा: एवढं गणित कशाला, टेस्टोस्टेरॉन आहे ते. पोरगा वयात येतो, टेस्टोस्टेरॉन चढतं, उंची वाढते. मुलींत ते नाही. विषय संपला.

मोजपट्टी: अर्धं बरोबर. झपाट्याला त्याचा जोर लागतो, पण उंची थांबवतं कोण? हाडांच्या टोकांना वाढीच्या चकत्या असतात, त्या बुजवण्याचं काम इस्ट्रोजेनचं, आणि ते मुलग्यांतही. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचंच थोडं इस्ट्रोजेन बनतं. १९९४ साली एका अठ्ठावीस वर्षांच्या माणसाची केस छापून आली, टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा निरोपच कळत नव्हता. उंची २०४ सेंमी, चकत्या उघड्या, अजून वाढतच होता. तुमच्या हिशेबाने तो कधीच थांबायला हवा होता.

आखाडा: बरं, थांबवतं इस्ट्रोजेन. वाढवतं तरी टेस्टोस्टेरॉनच ना, मग मी वेगळं काय म्हणालो.

माहेरची_सई: मला वेगळंच विचारायचंय. माझ्या लेकीला दहा पूर्ण व्हायच्या आत पाळी आली. सासूबाई म्हणतात, आता झालं, हिची उंची संपली, आणि शेजारणीने उंची वाढवायची पावडर आणून दिलीय, डब्यावर जिराफ काढलाय. देऊ का?

गोठा_आमचा: ताई, पावडर सोडा, दूध कुठलं घेता ते सांगा. म्हशींना पान्हा सोडायला इंजेक्शनं टोचतात, त्यामुळेच पोरी नवव्या वर्षी वयात येताहेत. माझ्या आज्जीला सोळाव्या वर्षी पाळी आली होती. घरची म्हैस होती तेव्हा.

मोजपट्टी: ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचं. पोटात गेलं की प्रथिनासारखं पचून जातं, वयात येण्याशी त्याचा संबंध लागत नाही. म्हशीवर अत्याचार आहे तो, त्यासाठी जरूर ओरडा. पाळी लवकर येण्यात खाणं सुधारणं आणि अंगावर चरबी वाढणं यांचा हात मोठा.

गोठा_आमचा: तुम्ही शहरातले लोक. गोठ्यात पहाटे चारला उभे राहा आणि मग मला प्रथिनं शिकवा. दुधात काय काय जातं ते मी बघतो.

आखाडा: इथे उंचीवर चाललंय भाऊ, गोठा दुसरीकडे बांधा.

गोठा_आमचा: तोंड सांभाळून बोला. तुमच्या जिमच्या डब्यात काय असतं ते तरी माहितीये का तुम्हाला?

माहेरची_सई: अहो भांडू नका, माझं उत्तर राहिलंय.

मोजपट्टी: ताई, पावडर नको. पाळी आली म्हणजे उंची संपली हेही खोटं. सगळ्यात जोराची वाढ पाळीच्या आधीच होऊन जाते हे खरं, पण नंतरही बहुतेक मुली पाच-सात सेंमी वाढतात, लवकर पाळी आलेल्या थोड्या जास्तच. किती शिल्लक आहे ते डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवर कळतं, चकत्या किती बुजल्यात ते त्यात दिसतं. स्तनांची वाढ आठ वर्षांच्या आत सुरू झाली होती का ते आठवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील. आणि उंची दर तीन महिन्यांनी एकाच भिंतीला, अनवाणी, टाचा टेकवून मोजत चला. तुमची आणि मिस्टरांची उंची किती?

माहेरची_सई: माझी १५२, ह्यांची १६८.

मोजपट्टी: बेरीज ३२०, मुलगी म्हणून त्यातून १३ वजा, मग निम्मे, १५३.५. मुलगा असता तर १३ मिळवून १६६.५. सात-आठ सेंमी इकडेतिकडे धरायचेच. लेक १५० च्या घरात थांबली तर तो पाळीचा दोष नाही, तुमच्या दोघांचंच देणं आहे.

खडू_फळा: मी हायस्कूलला शिकवते. सातवीत मुली मागच्या बाकावर आणि दहावीत मुलगे, हे दरवर्षी बघते, त्यामुळे तुमचं उशिराचं गणित पटलं असं वाटलं होतं. पण मग सातवीच्या आधी पाळी आलेल्या मुली दहावीत बुटक्या आणि नववीत आलेल्या ताडमाड दिसायला हव्यात ना? तसं होत नाही. आमच्याकडच्या उंच मुलींत लवकर वयात आलेल्याही आहेत. दोन वर्षांच्या उशिराने दहा सेंमी मिळतात, तर मुलींमुलींत का मिळत नाहीत?

मोजपट्टी: हा प्रश्न बरोबर वर्मावर आहे. मुलींमुलींत पाळी वर्षभर पुढेमागे झाली तर शेवटच्या उंचीत अर्धा सेंमीही फरक पडत नाही, कारण जी लवकर सुरू होते तिचा झपाटा जास्त जोराचा असतो आणि ती बरंचसं भरून काढते. मुलगे मात्र उशिरा सुरू होऊनही जोरात वाढतात. म्हणजे नुसत्या वेळेवर सगळं बसत नाही. उंचीचं एक जनुक, शॉक्स, एक्स आणि वाय दोन्ही गुणसूत्रांवर असतं, आणि २०२५ च्या एका मोठ्या अभ्यासात जादा वाय हा जादा एक्सपेक्षा साधारण तीन सेंमी जास्त देतो असं निघालं. शिवाय काही बायका एक्स-वाय गुणसूत्रांच्या असतात, टेस्टोस्टेरॉनचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही, तरी त्या सरासरी बाईपेक्षा उंच भरतात. त्यामुळे वरचे दहा सेंमी हा हिशेब कुठून जमा झाले त्याचा आहे, कोणामुळे झाले त्याचा नाही.

आखाडा: म्हणजे टेस्टोस्टेरॉन नसूनही उंच. ठीक आहे, ही माहिती नव्हती.

खडू_फळा: अजून एक, मुलगे बसले की फारसे उंच वाटत नाहीत, उभे राहिले की जाणवतं.

मोजपट्टी: त्या दोन जादा वर्षांचा पुरावाच आहे तो. झपाट्याआधी पाय जास्त वाढतात, धड नंतर भरतं. उशीर म्हणजे पाय लांब.

रानजाई: नेदरलँड्सचे आकडे मी तपासले, बरोबर आहेत. फरक मिटणार नाही हे मान्य. पण आपल्याकडच्या १५२ मधले किती सेंमी रिकाम्या ताटाने खाल्ले, त्यावर इथे कुणीच बोललं नाही, सगळे मुलग्यांच्या जादा दोन वर्षांत रमले. पोरगी अर्धपोटी राहिली तर पाळी उशिरा येते, आणि तुमच्या गणिताने मग ती उंच व्हायला हवी. होते का?

मोजपट्टी: नाही होत. अर्धपोटी वाढीचा वेगच पडतो, मग जादा वर्षं मिळून काय उपयोग. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

माहेरची_सई: डाव्या हाताचाच एक्स-रे का, उजव्याचा चालतो का? तिचा डावा हात सध्या प्लॅस्टरमध्ये आहे.