जुन्या स्कूटरला फक्त थर्ड पार्टी पुरेल का?

नाना_सातारकर: ११० सीसीची स्कूटर, ११ वर्षं झाली. विमा संपतोय. बजेट हजार रुपये. थर्ड पार्टीचे ७१४ आणि वर जीएसटी, म्हणजे साधारण ८४३ होतात. रोज बायकोला मागे बसवून स्टँडवर सोडतो. काय करावं?

गाडीवेडा: फुल्ल इन्शुरन्स घ्या, झिरो डेपसकट, म्हणजे पार्ट जुना म्हणून पैसे कापत नाहीत! माझ्या कारचा बंपर कंपनीनं बदलून दिला, खिशातून फक्त हजार गेले.

नाना_सातारकर: अहो, स्कूटर आहे. भंगारात दहा हजार येतील.

मीरा_पुणे: माझी गाडी गेल्या दिवाळीत चोरीला गेली. थर्ड पार्टी होता, एक पैसा मिळाला नाही. एजंटनं आधी सांगायला नको?

शिंदेकाका: थर्ड पार्टी म्हणजे आपण सोडून सगळं जग. बायकोही त्यात आलीच. निवांत राहा.

कोर्टातला_कारकून: काका, तिथेच फसगत होते. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेला माणूस येत नाही, सुप्रीम कोर्टानं २००६ सालीच तसं सांगितलंय. आमच्याकडे एक दावा होता. शेजारीण मागे बसलेली, वाळूवरून स्कूटर घसरली, तिच्या मांडीचं हाड मोडलं. दुसरं वाहन नव्हतंच. कंपनीनं हात वर केले आणि भरपाई स्कूटरवाल्याच्या बोकांडी बसली. ट्रकनं ठोकलं असतं तर ट्रकच्या विम्यातून मिळाली असती. रस्त्यावरचा माणूस जखमी झाला वा दगावला तर न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी देते, तिथे मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र दुचाकीसाठी एक लाखाची मर्यादा आहे, त्यावरचं आपल्या खिशातून.

गाडीवेडा: म्हणजे मर्सिडीजला घासली की संपलंच 😄

शिंदेकाका: मी तेच म्हणत होतो, नीट वाचून घ्या. पण पोरानं लायसन्स नसताना चालवली तर?

कोर्टातला_कारकून: बहुतेक वेळा कंपनी आधी जखमीला देते, मग तुमच्याकडून वसूल करते. सुटका नाही.

मीरा_पुणे: आणि चालवणाऱ्याचं स्वतःचं काय?

कोर्टातला_कारकून: काही नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा वेगळा घ्यायचा, तोही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. मोडलेल्या हाताचं दवाखान्याचं बिल त्यात नाही. नाना, पॅकेज पॉलिसी, म्हणजे वर म्हणतायत तो फुल्ल इन्शुरन्स, घेतलीत तर मागे बसणाराही येतो. कोटेशन मागवून बघा, जुन्या गाडीला फार फरक पडत नाही.

शिंदेकाका: पॅकेजच घ्या नाना.

गाडीवेडा: झिरो डेपसकट!

नाना_सातारकर: सगळ्यांचे आभार. पॅकेजसाठी कंपनी गाडी तपासायला माणूस पाठवणार म्हणे, आणि डाव्या बाजूचं पॅनल गेल्या पावसाळ्यापासून दोरीनं बांधलंय. थर्ड पार्टी आणि १५ लाखांवालं घेतलं, बजेटच्या थोडं वर गेलं. बायकोला वरचं वाचून दाखवलं. म्हणाली, उद्यापासून शेअर रिक्षानं जाते.