मदत हवी आहे: गटारातून काढलेला काळा गाळ पावसाने परत आत जातोय

सुप्रिया_क: डोंबिवलीत आमच्या गल्लीतलं उघडं गटार साफ झालं. लांबी 150 फूट, रुंदी 2 फूट, गाळ साधारण फूटभर. सगळा काठावरच रचलाय. परवाच्या सरीत बराचसा परत आत गेला. उचलायचा कसा आणि टाकायचा कुठे?

माळीकाका: उचलता कशाला? झाडांना घाला. आमच्या गावी तलावाचा गाळ शेतात टाकतात, पीक दुप्पट येतं.

गटारवाला: काका, तलावाचा गाळ म्हणजे शेतातूनच वाहून आलेली माती, ती चालते. शहरातल्या गटारात सांडपाणी, गॅरेजचं ऑइल, काचा, सुया असतात. भाजीपाल्याला तर अजिबात नको.

ताई, तुमचा गाळ 300 घनफूट, म्हणजे 3 ब्रास. ओला असताना बारा-तेरा टन भरेल. आधी तो काठापासून पाच-सहा फूट मागे घ्या. ढीग ठेवलात तर वरून पापडी धरते आणि आत लगदा तसाच राहतो, म्हणून 6 इंचाचा थर पसरा. त्याला 600 चौरस फूट जागा लागेल. गटाराच्या बाजूने रेतीच्या गोण्यांची सलग ओळ लावा, म्हणजे पाणी निथळेल आणि गाळ अडेल. प्लास्टिक याच वेळी वेचा, रोज फावड्याने उलथा. काळा रंग जाऊन राखाडी-तपकिरी झाला, भेगा पडल्या आणि मुठीत दाबून पाणी सुटलं नाही की उचला. हातात रबरी मोजे हवेतच.

सुप्रिया_क: एवढी जागा नाही हो. आणि ढग रोजच येतात.

गटारवाला: मग वाळायची वाट बघू नका, ओलाच न्या. ट्रॉलीत आधी ताडपत्री अंथरा आणि मागच्या फाळक्यावरून वर घ्या, कारण गळती तिथूनच होते. ट्रॉली दोन तृतीयांशच भरा. रस्त्यावर सांडलेलं पहिल्याच पावसात पुढच्या जाळीत उतरतं. एका दिवसात नेता येत नसेल तर उरलेल्यावर रात्री ताडपत्री टाकून कडांवर विटा ठेवा.

किरण_७७: आमच्या बेसिनचा पाइप तुंबतो, त्यातही असाच काळा गाळ निघतो. काय ओतू?

गटारवाला: तो साबण-तेलाचा थर आहे, वेगळा धागा काढा.

सुप्रिया_क: टाकायचा कुठे? ट्रॅक्टरवाला म्हणतो, खाडीच्या कडेला मोकळी जागा आहे.

गटारवाला: तिथे बिलकुल नको. भरतीचं पाणी तो उचलून नाल्याच्या तोंडाशीच आणून बसवतं, शिवाय कांदळवनात भराव हा गुन्हा आहे. प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन जागा विचारा. प्रत्येक खेपेची वजनकाट्याची पावती घ्या आणि ती मिळाल्यावरच ट्रॅक्टरवाल्याला पैसे द्या.

आणखी एक बघा. गाळ बोटांत चोळल्यावर खरखरीत लागला तर वरून रेती-माती येतेय. तिथे आत येणाऱ्या तोंडाशी दीड फूट खोल गाळखड्डा करून दर महिन्याला उपसा. बुळबुळीत लागला तर कुठलीतरी सांडपाण्याची किंवा संडासाची लाइन गटारात सोडलेली असू शकते.

सुप्रिया_क: बुळबुळीतच आहे. पण गटारावर पुढे 40 फूट लाद्या आहेत, लाइन त्याखाली असेल. माणूस आत उतरवून बघू का?

गटारवाला: नाही! गाळ ढवळला की विषारी वायू सुटतो, आणि जास्त झाला की त्याचा वास येणंच बंद होतं. लाद्या बाहेरून उचलायला लावा.

सुप्रिया_क: लाद्या दुकानदारांनी टाकल्यात, प्रभागात म्हणतात तुम्हीच काढा. काढायचा अधिकार कुणाचा, कुणाला माहीत आहे?