मदत हवी आहे: वर्गात ज्वालामुखीवर बोलायचंय, मॅग्मा नेमका कशाच्या जोरावर वर येतो?

मृण्मयी_नागपूर
नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, भूगर्भशास्त्र घेतलंय. पुढच्या आठवड्यात वर्गासमोर पंधरा मिनिटं बोलायचंय. ज्वालामुखी म्हणजे खालचा वितळलेला खडक आणि वायू बाहेर पडण्याची जागा, डोंगर हा त्यातूनच साचत गेलेला ढीग, इथपर्यंत मला नीट सांगता येईल. पुढे अडतंय.

पुस्तकात एका ओळीत उरकलंय, "मॅग्मा हलका असल्याने वर येतो". पण बेसाल्टी मॅग्माची घनता 2.7 च्या आसपास आणि वरच्या कवचातल्या ग्रॅनाइटचीही तेवढीच. मग तो कवचात आल्यावर थांबायला हवा ना? आणि अखंड खडकातून त्याला वाट कोण करून देतं? वर्गातली मुलं हे विचारणारच, आणि मला स्वतःलाही कळल्याशिवाय बोलायचं नाहीये.

विदर्भपुत्र
यात अवघड काही नाही. पृथ्वीच्या पोटात सगळं वितळलेलंच आहे, आपण पातळ सालपटावर बसलोय. सालपटाला भेग पडली की आतला रस दाबाने उसळतो. वर्गात सोड्याची बाटली हलव आणि झाकण उघड, सगळ्यांना एका झटक्यात समजेल.

खडकवेडा
विदर्भपुत्र, सोड्याची बाटली चालेल, पण शेवटच्या काही किलोमीटरपुरतीच. "आत सगळं वितळलेलं" हे मात्र बरोबर नाही. भूकंपाच्या एस-लहरी द्रवातून जात नाहीत, आणि प्रावरणातून त्या आरपार जातात. म्हणजे प्रावरण घन आहे. खरा द्रव थर 2900 किलोमीटरखाली लागतो, तो लोखंडाचा, आणि त्यातून लाव्हा येत नाही.

मृण्मयी, मॅग्मा तयार होतो तो बहुतेक वेळा जास्त तापवल्यामुळे नव्हे. प्रावरणातला तापलेला घन खडक फार सावकाश वर सरकतो, त्याच्यावरचा दाब उतरतो आणि तेवढ्यानेच त्याचा थोडा भाग वितळतो. इंडोनेशियासारख्या ठिकाणी कारण वेगळं असतं. तिथे खाली गेलेल्या भूपट्टातून सुटलेलं पाणी वरच्या खडकाचा वितळणबिंदू उतरवतं.

आता तुझी घनतेची शंका. ती फार योग्य आहे. उत्तर असं, की मॅग्मा जिथे आहे तिथल्याच खडकाशी तुलना करून भागत नाही, खालपासून वरपर्यंतचा पूर्ण स्तंभ तोलावा लागतो. समज, मॅग्मा 60 किलोमीटरवरून येतोय. त्याच्यावर 35 किलोमीटर कवच आहे, सरासरी घनता 2.8, आणि 25 किलोमीटर प्रावरण, घनता 3.3. गुणाकार करून बेरीज केली की 98 अधिक 82.5, म्हणजे 180.5. तेवढ्याच उंचीचा मॅग्माचा स्तंभ 60 गुणिले 2.7, म्हणजे 162. खडकाचं पारडं 18.5 ने जड राहतं. हा जास्तीचा दाब साधारण 1800 वातावरणांइतका भरतो. त्यामुळे वरचा ग्रॅनाइट मॅग्माइतकाच हलका असला तरी खालचं जड प्रावरण त्याला रेटत राहतं.

हा हिशेब कमाल मर्यादेचा आहे, हे वर्गात सांगायला विसरू नकोस. स्तंभ सलग जोडलेला असेल तरच एवढा रेटा मिळतो. प्रत्यक्षात तो तुकड्या-तुकड्यांनी येतो आणि बराचसा मॅग्मा कवचातच थिजून राहतो.

वाडीवाले_काका
भाऊ, मधेच विचारतो. अमरावती रोडकडे आमचा प्लॉट आहे. बोअर मारून राहिलो होतो, 300 फुटांपर्यंत नुसता काळा दगड. म्हणजे आमच्या खाली ज्वालामुखी होता का? पुन्हा फुटायचा धोका तर नाही ना?

खडकवेडा
काका, काळजी करू नका. तो दगड दख्खनच्या बेसाल्टचा, सुमारे 6.6 कोटी वर्षं जुना. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती त्याचीच. तुमच्या प्लॉटखाली ज्वालामुखीचं तोंड असायची गरज नाही, कारण हा लाव्हा लांबच लांब भेगांतून निघून दूरवर पसरला. नागपूर त्याच्या पूर्वेच्या काठावर आहे, कामठीकडे गेलात की खडक बदलतो. टाकळीजवळ तर लाव्हाच्या थरांच्या मध्ये तळ्याचा गाळ आणि गोड्या पाण्यातले शंख सापडले, हिस्लॉप यांनी 1850 च्या दशकात त्यावर लिहिलंय. दोन उद्रेकांच्या मधे तळं साचून त्यात जीव वाढतील एवढी उसंत होती.

मृण्मयी, हे तुझ्या भाषणात घे. आपल्याकडच्या मुलांच्या डोळ्यांसमोर निमुळता डोंगरच असतो, आणि पायाखालचा खडक भेगांतून आलाय.

अपर्णा_शिक्षिका
भेग कशी पुढे सरकते ते प्रत्यक्ष दाखवता येईल. बिनचवीचं जिलेटिन घट्ट करून वाडग्यात लाव. बुडाला भोक असलेल्या पाटीवर ते उलटं काढ आणि खालून सिरिंजने लाल पाणी हळूहळू सोड. पाणी गोल फुग्यासारखं पसरत नाही. पात्यासारखी उभी, पातळ भेग पाडत वर जातं. डाईक म्हणतात तो हाच आकार. नागपूरच्या उकाड्यात जिलेटिन ढासळतं, त्यामुळे वर्गात नेईपर्यंत बर्फाच्या डब्यात ठेव. चायना ग्रास उन्हात टिकतं, पण ते चटकन तडकतं आणि भेग वेडीवाकडी जाते.

मृण्मयी_नागपूर
ताई, हे नक्की करणार! खडकवेडा सर, मग काही मॅग्मा वर पोचतो आणि काही वाटेतच थिजतो, ते कशावर ठरतं?

खडकवेडा
मुख्यतः भेगेच्या रुंदीवर. हातभर नव्हे, दहा सेंटिमीटरची भेग असेल तर गार खडकात ती तासाभरात थिजते. मीटरभर रुंद असेल तर काही दिवस मिळतात. तेवढ्यात वर पोचायचं.

हवाईतल्या किलाउएआचं 2018 चं उदाहरण घे. 30 एप्रिलला पुउ ओओ या विवराचा तळ कोसळला, कारण खालचा मॅग्मा निघून गेला होता. मग लहान भूकंपांची रांग पूर्वेकडे सरकू लागली. खडक फुटत कुठवर आलाय ते त्यावरून कळत होतं. 3 मे रोजी सुमारे 20 किलोमीटरवर वस्तीतल्या रस्त्यांना तडे जाऊन लाव्हा बाहेर आला. हिशेब कर, ताशी पावणेतीनशे मीटरच्या आसपास. म्हणजे मॅग्मा आधी सरळ वर गेलाच नाही, आडवा धावला.

एकूण 24 भेगा उघडल्या, बहुतेक लवकर बंद पडल्या. सुरुवातीचा लाव्हा चिकट आणि कमी तापलेला होता, तो जुन्या उद्रेकांतून जमिनीखाली उरलेला मॅग्मा होता. मागून ताजा, गरम मॅग्मा आला आणि शेवटी आठव्या भेगेतूनच मुख्य प्रवाह वाहत राहिला. तिकडे शिखरावरचं विवर 500 मीटरहून जास्त खचलं.

विदर्भपुत्र
हे पटलं. पण मग शिखराखाली मॅग्माचं तळं होतंच की! म्हणजे चित्रात दाखवतात तशी लाल टाकी बरोबरच.

खडकवेडा
किलाउएआखाली उथळ द्रव साठा आहे, हे मान्य. पण सगळीकडे तसं धरू नका. मोठ्या ज्वालामुखींखाली भूकंपलहरींनी पाहिलं तर बऱ्याचदा स्फटिकांचा दाट लगदा आणि त्यात थोडासाच द्रव असं दिसतं. त्या लगद्यातून वाहता मॅग्मा एकत्र कधी आणि किती लवकर जमतो, यावर अजून वाद चालू आहे.

अपर्णा_शिक्षिका
मी तरी पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर टाकीच काढेन. लगदा सांगितला की गोंधळ उडतो.

खडकवेडा
मला ते पटत नाही. टाकी एकदा डोक्यात बसली की एम.एस्सी.पर्यंत निघत नाही.

मृण्मयी_नागपूर
मी किलाउएआसाठी टाकी काढते आणि शेजारी लगद्याचं दुसरं चित्र. उद्या जिलेटिन लावून बघते. सिरिंजची सुई किती जाड घेऊ, ताई?