बाजाराच्या पोस्टखालचं भांडण: याला लोकशाहीतली चर्चा म्हणायचं का?

प्राजक्ता: एम.ए.च्या पेपरसाठी विषय घेतलाय, सोशल मीडियावरच्या वादातून लोकशाहीला लागणारा विचारविनिमय होतो का. उदाहरण आमच्याच नागपुरातल्या वस्तीच्या फेसबुक ग्रुपचं आहे. रस्त्यावर भरणारा बुधवारचा बाजार हलवावा का, या एका पोस्टखालच्या १४० कमेंटी मी वाचून काढल्या. कारण देणाऱ्या ३१. बाकी टोमणे, शिव्या आणि हात जोडलेले इमोजी. हाबरमास या जर्मन विचारवंताच्या सार्वजनिक क्षेत्राच्या, म्हणजे लोकांनी कारणं देत चर्चा करायच्या जागेच्या, कसोटीवर हे नापास, असं लिहिते आहे. बरोबर आहे का?

अरविंद काका: अगदी बरोबर. हे होणारच होतं. फेसबुक ज्याला जे आवडतं तेच दाखवतं, त्यामुळे प्रत्येकजण आपल्याच विचाराच्या बुडबुड्यात बसलेला असतो. दुसरी बाजू कानावर पडली असती तर माणसं शहाणी झाली असती. आमच्या वेळी धंतोलीतल्या वाचनालयात एकाच टेबलावर चार पक्षांची वर्तमानपत्रं असायची.

सचिन: बाजार हलवलाच पाहिजे. माझ्या गेटसमोर टमाटरचा ठेला लागतो, बुधवारी गाडी काढता येत नाही. कॉर्पोरेशनला तीनदा लिहून झालं. पेपर कसले लिहिता?

प्राजक्ता: सचिनदादा, बाजाराचा निकाल इथे लागणार नाहीये :)

सुनीता मॅडम: प्राजक्ता, आधी एक बारीक गोष्ट. ‘सार्वजनिक क्षेत्र’ लिहिलंस तर परीक्षकाला वेकोलि या सरकारी कंपनीची कोळशाची खाण आठवेल. ‘सार्वजनिक अवकाश’ लिही.

आता मुद्दा. अरविंदकाकांचा बुडबुडा तुझ्या उदाहरणाला लागू पडत नाही. त्या पोस्टखाली दोन्ही बाजू हजर आहेत, म्हणून तर शिव्या झाल्या. दुसरी बाजू ऐकली की माणूस मवाळ होतो, हेही गृहीत धरू नका. अमेरिकेत ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरोधी मतांचं एक खातं फॉलो करायला लावलं होतं. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. रिपब्लिकन मंडळी आधीपेक्षा जास्त कडवी झाली. डेमोक्रॅट मंडळींत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही.

तुझी खरी अडचण मोजण्यात आहे. कमेंट सुटी धरून ‘कारण आहे की नाही’ असा शिक्का मारलास. अशी मोजपट्टी संशोधकांनी २००३ मध्ये मांडली, पण ती संसदेतल्या भाषणांसाठी. तिथे माणूस उभा राहून सलग बोलतो. कमेंट ही कुणाला तरी दिलेलं उत्तर असते, वरची ओळ काढली की तिचा अर्थच जातो. म्हणून तीन गोष्टी पुन्हा मोज. १४० कमेंटी किती जणांच्या? ३१ पैकी किती जणांनी समोरच्याच्या मुद्द्याला हात घातला? आणि ॲडमिनने किती उडवल्या? तिसरा आकडा तुला मिळणार नाही, पण तो मिळत नाही हे पेपरात यायला हवं. शिवाय निम्म्या कमेंटी मैत्रिणीला स्वतंत्रपणे तपासायला दे. टोमणा कुठला आणि कारण कुठलं, यावर तुमचं दोघींचं जमलं नाही तर ३१ हा आकडा फक्त तुझा आहे.

प्राजक्ता: रात्री बसून मोजलं. १४० कमेंटी ४६ जणांच्या निघाल्या, त्यातल्या ७१ फक्त आठ जणांच्या. समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर देणाऱ्या नऊच. त्यातल्या एका ठिकाणी मात्र मी थांबले. एका काकूंनी लिहिलं होतं, बाजाराच्या दिवशी अॅम्ब्युलन्स आत येऊ शकत नाही. एकाने उत्तर दिलं, मागच्या बुधवारी आली होती, ठेलेवाल्यांनीच हातगाड्या सरकवून वाट करून दिली. काकूंनी विचारलं, किती वेळ लागला? यानंतर काही नाही, कारण खाली कुठेतरी शिवीगाळ झाली आणि ॲडमिनने कमेंटी बंद केल्या.

सुनीता मॅडम: तुझा पेपर त्या तीन ओळींत आहे. दावा, त्याला पुरावा, मग पुराव्याची तपासणी. काकू ‘किती वेळ’ विचारतात, म्हणजे उत्तर पटलं तर मत बदलायची त्यांची तयारी आहे.

मुन्ना भौ: मॅडम, मी तेच वाचून राह्यलो. माही आई त्याच बाजारात सांभार-पालक विकते. त्या ४६ लोकांत ठेलेवाला एकबी नाही, कारण त्या ग्रुपात घ्यायले घराचा पत्ता मागते. आमचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप हाये. आईले टाइप करता येत नाही, थे बोलून पाठवते. अॅम्ब्युलन्सवाल्या दिवशी रात्री तिथं अर्धा तास हेच चाललं होतं, का मधातली लाइन सोडून बसाचं का. ठरलं बी. पण हे तुमच्या पोस्टवाल्याले कोण सांगन?

सुनीता मॅडम: वा. प्राजक्ता, आता १९६२ च्या पुस्तकातला हाबरमास पुरणार नाही. त्याने लंडनच्या कॉफीहाउसचं चित्र रंगवलं, जिथे माणसाचा दर्जा नाही तर त्याचा युक्तिवाद मोजला जातो. अमेरिकन विचारवंत नॅन्सी फ्रेझरने १९९० मध्ये विचारलं, दाराबाहेर कोण राहिलं? बाया आणि कामगार बाहेर होते, आणि त्यांनी आपापल्या बैठका मांडल्या होत्या. मुन्नाच्या आईचा ग्रुप ही तशीच बैठक. तुमच्या ग्रुपात दर्जा विसरायचं लांबच, आत यायलाच पत्ता लागतो.

मकरंद: मॅडम, इथे मी थोडा अडतो. उद्या एखादी टोळीही म्हणेल, आम्ही आमची बैठक मांडली. दहा बैठका एकमेकींना ऐकत नसतील तर लोकशाहीला काय मिळालं? मी बातमीदारी केली आहे. माझा अनुभव असा की ऑनलाइन बोलण्याला किंमत येते ती त्याचा कागद झाला की. २०२१ मध्ये अजनीच्या रेल्वे वसाहतीतली झाडं तोडून रेल्वे, बस, मेट्रो एकत्र आणणारं इंटरमोडल स्टेशन बांधायचा घाट घातला होता. पोस्टवर हळहळणारे पुष्कळ होते. पण झाडं तोडण्याआधी महापालिकेला जाहीर हरकती मागवाव्या लागतात, लोकांनी त्या दाखल केल्या, तेव्हा कुठे यंत्रणेला दखल घ्यावी लागली. बाजाराच्या पोस्टला असं दार कुठे आहे?

सुनीता मॅडम: दार आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहरात नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. विक्रेत्यांना हलवायचं तर समितीची शिफारस आणि ३० दिवसांची नोटीस लागते. फ्रेझर मत बनवणारी आणि निर्णय घेणारी बैठक वेगळी करते. फेसबुक ग्रुप पहिल्या प्रकारातला, समिती दुसऱ्यातली. सचिन कॉर्पोरेशनला लिहितो, मुन्नाचा ग्रुप आपसात ठरवतो, आणि दोन्ही समितीपर्यंत जात नाहीत.

सचिन: ही समिती बसते कुठे? पत्ता द्या.

मकरंद: सचिनला पत्ता द्याच. पण माझं समाधान झालेलं नाही. समितीत बोलायला सभ्यपणा लागतो, आणि तो फेसबुकवर रोज झिजतो. टोन महत्त्वाचा आहेच.

अरविंद काका: मकरंदशी सहमत. आणि बुडबुडा असतोच, अमेरिकेचं अमेरिकेला.

मुन्ना भौ: काका, टोन म्हणता? आई ठेल्यावर जोरात बोलते म्हणून लोक म्हणते भांडते. जोरात नाही बोललं तं भाव कोणाले ऐकू येईल?

सुनीता मॅडम: टोनबद्दल मकरंद पूर्ण चूक नाही. हाबरमासने २०२२ मध्ये पुन्हा लिहिलं तेव्हा म्हटलं, छापखान्याने सगळ्यांना वाचक होण्याची संधी दिली, पण सगळे वाचायला शिकेपर्यंत शतकं गेली. आता सगळे लेखक झालेत, तर लिहायला शिकायला किती वेळ लागेल? पण मुन्नाच्या आईला कुठे बसवायचं, हे त्याच्या चौकटीत मला नीट सापडत नाही. ती लिहीतच नाही, बोलून पाठवते.

प्राजक्ता: मग ‘नापास’ काढून टाकते. मुन्ना भौ, तुमच्या ग्रुपातले ते अर्ध्या तासाचे आवाज मला ऐकायला मिळतील का? नावं कुठेच घालणार नाही.

मुन्ना भौ: माहे नाहीत न ते, ज्याईचे हायेत त्याईले इचारा लागन. बुधवारी या. आई पाचच्या आधी मोकळी भेटत नाही.