धोंड्यावरचा मासा: खोदलेला की झिजलेला?

तन्वी: राजापूरजवळच्या सड्यावर जांभ्याचा एक मोठा धोंडा आहे, काल संध्याकाळी पाचच्या सुमारास मोबाईलवर फोटो काढला तर त्यावर अख्खा मासा दिसतोय, शेपटीसकट. कातळशिल्प आहे की नुसती झीज?

गणेश: शंभर टक्के खोदलेलं! बारसू, देवाचे गोठणे सगळं त्याच भागात आणि आपल्या कातळशिल्पांत मासे आहेतच. दोन्ही बाजू बघा कशा सारख्या आहेत.

सुहास: गणेश, परिसराचा मुद्दा बरोबर, पण आधी फोटो उलटा करून बघ. आपला डोळा ऊन वरूनच आलंय असं धरून चालतो. इथे गवताच्या सावल्या फोटोत वरच्या दिशेला पडल्यात, म्हणजे ऊन खालून आलंय, आणि रेघांची खालची कड उजळ, वरची काळी. म्हणजे त्या खाचा नाहीतच, उठून आलेल्या कडा आहेत! जांभ्याच्या भेगांत लोह साचून त्या दगडापेक्षा टणक होतात, बाजूचा मऊ भाग पावसात जातो आणि जाळी उभी राहते. शेपटीची रेघ तर धोंड्याच्या कडेवरून खाली उतरलीये.

गणेश: मग काय झालं, काही शिल्पांत आजूबाजूचा कातळ खणून आकृती उठावात ठेवलेली असते, तिथेही कडाच दिसणार ना?

सुहास: हा मुद्दा मान्य. पण माणूस खणतो तेव्हा मध्ये आलेली टणक गुठळी पण फोडतो, खणलेला भाग साधारण एका पातळीत येतो. पाऊस मऊ तेवढं खातो, गुठळी सोडून देतो. पोटाजवळ झूम कर, तीन गुठळ्या तशाच वर आल्यात आणि मध्ये वेडीवाकडी भोकं.

प्राची: आमच्या गडग्याच्या चिऱ्यांवर तिरप्या समांतर रेघा आहेत, ते पण जुनं असेल का?

सुहास: प्राची, चिरा हाताने तासताना हत्याराचे तिरपे घाव पडतातच, ते वेगळं.

तन्वी: पण माशाचा डोळा? तो तर खड्डाच वाटतोय, फोटो उलटा केला तरी बाकीच्या रेघांच्या उलट दिसतो.

सुहास: हो, तो खड्डाच आहे आणि त्याचं मला फोटोवरून नक्की सांगता येत नाही. सकाळी ऊन तिरपं असताना दोन बाजूंनी फोटो काढ, शेजारी पट्टी ठेव. खडूने रेघा अजिबात भरू नकोस, आपल्याला जे दिसतं तेच आपण गिरवतो आणि मग सगळ्यांना मासाच दिसतो.

तन्वी: काडी घालून खोली बघू?

सुहास: हलक्या हाताने बघ, खरवडू नको. भोक आत वाकडं वळत गेलं तर जांभ्याची नळी. तळ गोल आणि बंद लागला तर मी पण परत विचार करेन.

गणेश: मी अजून खोदलेलंच म्हणतो. तन्वी, मी पण येतो, सातला निघू.