मदत हवी आहे: डॉट शून्य येतो, तरी उत्तर जुळत नाही

महालची_ताई:
नागपुरात घरी बारावीच्या गणिताची शिकवणी घेते. एका गणितावर अडलोय. (1, 2, -1) मधून जाणारी आणि खालच्या दोन्ही रेषांना लंब असलेली रेषा काढायची आहे.

```
(1-x)/2 = (2y-3)/4 = z/1
(x+2)/1 = (y-3)/2 = (z+1)/2
```

एका मुलाने (2, 4, 1) आणि (1, 2, 2) यांचा क्रॉस करून (6, -3, 0) आणला. दुसऱ्याचं उत्तर (-2, 4, 2). उत्तरसूचीत 2, 5, -6 आहे. पहिल्याने दोन्हींशी डॉट घेऊन बघितला, शून्यच येतो. मग चुकलं कुठं? परीक्षेत उत्तरसूची नसते, तेव्हा मुलांनी ताळा कसा करायचा?

धरमपेठ_९८:
डॉट दोन्हींशी शून्य आला म्हणजे उत्तर बरोबरच. सूचीत छापायची चूक असणार.

निवृत्त_मास्तर:
थांबा भाऊ, सूची बरोबर आहे. डॉट शून्य आला म्हणजे क्रॉसची आकडेमोड बरोबर, एवढंच कळतं. क्रॉसमध्ये घातलेले आकडेच चुकीचे असतील तर ताळा त्याच चुकीच्या आकड्यांशी जुळतो, म्हणून शून्य येतो.

ताई, पहिल्या रेषेत x आधी ऋण चिन्ह आहे आणि y ला 2 चा गुणक आहे. छेद जसेच्या तसे उचलले की फसलं. मुलांना दिलेल्या समीकरणातूनच दोन बिंदू काढायला सांगा. तिन्ही अपूर्णांक 0 धरले तर (1, 3/2, 0) मिळतो, 1 धरले तर (-1, 7/2, 1). वजाबाकी -2, 2, 1. हे खरे डायरेक्शन रेशो.

```
(-2,2,1) × (1,2,2) = (2,5,-6)
-4+10-6 = 0,  2+10-12 = 0
```

दुसऱ्या मुलाने रेशो बरोबर घेतले, पण घटकाला घटकाने गुणून तसंच ठेवलं. ती डॉटची अर्धी पायरी, बेरीज न केलेली. त्याचा (-2, 2, 1) शी डॉट 14 येतो, म्हणजे हे तिथंच पकडता येतं. j चं चिन्ह विसरून -5 लिहिलं तर -20 येतो.

महालची_ताई:
दोन बिंदू काढून पाहिले, जुळलं सर! एकाने -2, -5, 6 लिहिलंय, तेही चालेल ना?

निवृत्त_मास्तर:
चालेल. रेषा तीच, दिशा उलटी.

मानेवाडा_पालक:
माझ्या मुलीचं रेषा आणि प्रतलातल्या कोनाचं उत्तर 60° येतं, पुस्तकात 30° आहे. तिचेही रेशोच चुकले असतील का?

निवृत्त_मास्तर:
बहुतेक नाही. डॉटमधून cos घेतला की रेषेचा प्रतलाच्या अभिलंबाशी कोन मिळतो. प्रतलाशी हवा तर 90° मधून वजा करा, किंवा सरळ sin घ्या. तरी पूर्ण गणित टाका, म्हणजे नक्की सांगता येईल.

महालची_ताई:
अजून एक. रेशो चुकले पण पुढचा क्रॉस बरोबर केला, तर बोर्डाचे पेपर तपासणारे पायरीचे गुण देतात का? कुणी तपासले असतील तर सांगा.

धरमपेठ_९८:
आमच्या सरांनी दिले असते, बोर्डाचं माहीत नाही.