विषय: पोर्टफोलिओच्या सादरीकरणात ‘मी काय केले’ हे कसे सांगावे?

प्राची:

सप्रेम नमस्कार,

येत्या गुरुवारी प्रॉडक्ट डिझायनरच्या पदासाठी माझी मुलाखत आहे. पॅनेलवर डिझाइन विभागाच्या प्रमुख, एक प्रॉडक्ट मॅनेजर, एक इंजिनिअर आणि एक यूएक्स रिसर्चर असे चार जण असतील. एकूण वेळ एक तासाचा असून त्यातली चाळीस मिनिटे सादरीकरणाला आणि उरलेली प्रश्नांना आहेत. ही कंपनी लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी मोबाइल ॲप तयार करते.

माझ्याकडे दाखवण्याजोगे सहा प्रोजेक्ट आहेत. त्यांतले बँकेचे ॲप सर्वांत देखणे आहे, पण त्यावर आम्ही अकरा जण काम करत होतो आणि माझ्याकडे फक्त तीन स्क्रीन होते. गोदामातल्या मालमोजणीचे ॲप दिसायला अगदी साधे आहे, मात्र त्यात मी सुरुवातीपासून होते. सहाही प्रोजेक्ट थोडक्यात दाखवावेत की मोजकेच निवडावेत? आणि टीमने मिळून केलेल्या कामात माझा वाटा किती, हे कसे सांगावे?

सुधीर:

प्राची, माझा सल्ला अगदी सरळ आहे. ‘आम्ही’ हा शब्द सादरीकरणातून पूर्णपणे काढून टाक आणि प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू कर, कारण पॅनेल तुला घेणार आहे, तुझ्या टीमला नव्हे. प्रत्येक प्रोजेक्टच्या शेवटी टक्केवारीत परिणाम सांग. बँकेचे ॲप वगळू नकोस, कारण पहिली छाप देखण्या कामानेच पडते.

अनघा:

प्रिय प्राची,

मी स्वतः डिझायनर आहे आणि गेली काही वर्षे अशा पॅनेलवर बसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

चाळीस मिनिटांत सहा प्रोजेक्ट म्हणजे प्रत्येकाला सहा-सात मिनिटे. तेवढ्या वेळात फक्त अंतिम स्क्रीन दाखवून होतात, आणि त्या स्क्रीनपर्यंत तू कशी पोहोचलीस हे सांगायचे राहून जाते, जे ऐकण्यासाठीच आम्ही बसलेलो असतो. म्हणून दोनच प्रोजेक्ट घे. पहिल्याला वीस मिनिटे दे आणि दुसऱ्याला दहा. स्वतःच्या ओळखीला तीन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नकोस. उरलेली मिनिटे मोकळी ठेव, कारण पॅनेल मध्येच प्रश्न विचारते आणि ते प्रश्न टाळण्यापेक्षा तिथेच थांबून उत्तर देणे चांगले.

मुख्य प्रोजेक्ट गोदामाचाच असावा. लिफ्टचा तंत्रज्ञ आणि गोदामातला कामगार या दोघांचेही हात कामात गुंतलेले असतात, दोघांनाही नेटवर्क नीट मिळत नाही आणि दोघेही ॲप उभ्या-उभ्या वापरतात. हे साम्य तू पहिल्याच मिनिटात सांगितलेस, तर हा प्रोजेक्ट का निवडला असे कोणी विचारणार नाही.

सुधीररावांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सतत ‘आम्ही’ म्हणणाऱ्या उमेदवाराने नेमके काय केले ते आम्हाला खरोखरच कळत नाही. पण प्रत्येक वाक्यात ‘मी’ आले की पॅनेलवरचा इंजिनिअर लगेच विचारतो, “हा निर्णय तुम्ही एकटीने घेतला का?” तिथे उत्तर डळमळले, तर आधीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. म्हणून प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच एका स्लाइडवर टीममध्ये कोण-कोण होते आणि कोणाकडे काय होते ते लिही. नावे नकोत, पदे पुरेत. त्यानंतर परिस्थिती सांगताना ‘आम्ही’ म्हण आणि स्वतःचा निर्णय सांगताना ‘मी’. प्रत्येक निर्णयासोबत तू कोणता पर्याय सोडून दिलास आणि का, हेही सांग. ज्याने काम स्वतः केलेले असते, त्याला सोडून दिलेले पर्याय आठवतात. दुसऱ्याचे काम आपले म्हणून सांगणारा नेमका तिथेच अडतो.

विनय:

नमस्कार. मी वास्तुविशारद आहे, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी मुलाखतीत आधीच्या कार्यालयातली कामाची रेखाचित्रे दाखवली होती. पॅनेलने पहिलाच प्रश्न विचारला तो, ही दाखवण्याची परवानगी घेतली आहे का, असा. मी घेतली नव्हती आणि त्यानंतर सगळी चर्चा त्याच विषयावर गेली. तेव्हापासून मी प्रत्येक पानावर कार्यालयाचे श्रेय आणि त्याखाली माझी भूमिका लिहितो. प्राची, तुझ्या गोपनीयता कराराचे काय?

प्राची:

सर्वांचे मनापासून आभार. विनयदादा, करार पुन्हा वाचला. बाजारात आलेले स्क्रीन दाखवता येतात, परंतु अंतर्गत आकडे आणि ग्राहकाचे नाव देता येत नाही. ते दोन्ही काढून टाकले आहेत आणि तसे स्लाइडवर लिहिलेही आहे.

गोदामाच्या प्रोजेक्टमधल्या माझ्या कामाबद्दल सध्या असे लिहिले आहे: “मी ऑफलाइन मालमोजणीची सुविधा डिझाइन केली, ज्यामुळे मोजणीतल्या चुका बऱ्याच कमी झाल्या.” अनघाताई, हे चालेल का?

खरी हकीकत अशी आहे. मी दोन पाळ्यांमध्ये गोदामात उभी राहून काम पाहिले. नेटवर्क गेले की भरलेली नोंद पुसली जायची, म्हणून कामगार आधी कागदावर लिहीत आणि नंतर ॲपमध्ये भरत. नोंदी फोनमध्येच साठवून ठेवण्याची कल्पना आमच्या इंजिनिअरची होती. नोंद साठली आहे पण अजून पुढे गेलेली नाही, हे कामगाराला कसे कळावे, हा भाग माझा होता. मी आधी ढगाचे चिन्ह ठेवले. सहा जणांकडून चाचणी घेतली तेव्हा चौघांना वाटले की नोंद पोहोचली. मग चिन्ह काढून ‘१२ नोंदी पाठवायच्या आहेत’ असे शब्दांतच लिहिले.

अनघा:

प्राची, तुझी हकीकत तुझ्या स्लाइडपेक्षा कितीतरी चांगली आहे. तीच सांग. स्लाइडवर असे लिहिता येईल: “कामगार कागद का वापरतात, हे मी प्रत्यक्ष निरीक्षणातून शोधले. नोंदी फोनमध्ये साठवण्याचा मार्ग इंजिनिअरने सुचवला. न पाठवलेल्या नोंदी कशा दाखवायच्या, हे मी ठरवले आणि चाचणीनंतर बदलले.” इंजिनिअरला श्रेय दिल्याने तुझा वाटा कमी होत नाही, उलट त्याची सीमा स्पष्ट होते. ढगाच्या चिन्हाचा जुना स्क्रीन अवश्य दाखव आणि त्यावर दोन-तीन मिनिटे थांब.

चुका कमी झाल्या या वाक्याबद्दल मात्र एक विचारते. त्याच काळात गोदामात आणखी काही बदलले होते का?

प्राची:

हो, कामगारांना नव्याने प्रशिक्षण दिले होते.

अनघा:

मग चुका कमी झाल्याचे श्रेय एकट्या डिझाइनला देता येणार नाही. प्रशिक्षणाचा उल्लेख तू स्वतःहून कर. कागदावर लिहिणे बंद झाले हे तू पुन्हा जाऊन पाहिले असशील, तर तेवढेच सांग, कारण त्याचा तुझ्या कामाशी थेट संबंध आहे.

सुधीर:

अनघाताई, मला हे पटत नाही. आमच्या विक्री विभागातल्या मुलाखतींत आकडा नसेल तर कोणी पुढचे ऐकतही नाही. पॅनेलवरच्या प्रॉडक्ट मॅनेजरला आकडा हवाच असेल.

अनघा:

सुधीरराव, आकडा मागितला जाईल हे खरे आहे. करारामुळे प्राचीला तो देता येणार नाही, आणि देता आला असता तरी प्रशिक्षणाचा वाटा त्यातून वेगळा काढता आला नसता. प्रॉडक्ट मॅनेजरचे तेवढ्याने समाधान होईलच, असे मीही सांगू शकत नाही.

प्राची:

कागद बंद झाल्याचे मी महिन्याभराने पुन्हा जाऊन पाहिले होते, ते लिहिते. दुसरा प्रोजेक्ट म्हणून बँकेचे तीन स्क्रीन घेत आहे, पण फक्त माझेच, आणि पहिल्या स्लाइडवर अकरा जणांच्या भूमिका लिहून. प्रोटोटाइप नेटवर्कवाचून उघडला नाही तर अडचण नको, म्हणून सगळ्याची पीडीएफ प्रत लॅपटॉपवर ठेवली आहे. बुधवारी संध्याकाळी कोणी चाळीस मिनिटे ऑनलाइन ऐकून मध्ये-मध्ये प्रश्न विचारू शकेल का?

विनय:

मी येतो. डिझाइनमधले मला फारसे कळत नाही, पण “हे कोणी ठरवले?” एवढे प्रत्येक स्लाइडला नक्की विचारेन.